डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांची नजर

डाउन सिंड्रोम घेऊन जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा नंबर पहिल्या काही महिन्यांत इतर बाळांच्या नंबरापेक्षा फारसा वेगळा नसतो. जन्मतः बहुतेक बाळांचे नेत्रगोल लांबीला थोडे कमी पडतात, त्यामुळे त्यांना थोडाफार प्लस नंबर असतो. पुढे नेत्रगोल वाढत जातो, तसा त्याची लांबी, आतल्या भिंगाची शक्ती आणि पारपटलाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, वक्रता यांचा एकमेकांशी मेळ बसतो आणि दोन-तीन वर्षांत हा नंबर आपोआप शून्याच्या जवळ येतो. डाउन सिंड्रोममध्ये नेमका हाच मेळ बऱ्याच मुलांत बसत नाही. काहींचा प्लस नंबर तसाच राहतो किंवा वाढतो, काहींना मायनस नंबर लागतो, आणि अनेकांच्या पारपटलाची वक्रता उभ्या-आडव्या दिशांना असमान होऊन सिलिंड्रिकल नंबर येतो, ज्याला दृष्टिवैषम्य म्हणतात. म्हणूनच एक वर्षाच्या बाळाचे डोळे तपासून ते ठीक आहेत असे सांगितले गेले, तर ते त्या दिवसापुरते खरे असते. चौथ्या वर्षी त्याच डोळ्यांना प्लस चारचा चष्मा लागणे मुळीच आश्चर्याचे नसते.

डाउन सिंड्रोमचे वर्णन ब्रिटिश डॉक्टर जॉन लँगडन डाउन यांनी १८६६ मध्ये केले आणि २१ व्या गुणसूत्राची एक जादा प्रत हे त्याचे कारण १९५९ मध्ये झेरोम लेझ्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. बौद्धिक अक्षमतेच्या गुणसूत्रीय कारणांमध्ये हे सर्वाधिक आढळणारे कारण असल्याने या मुलांच्या डोळ्यांचा अभ्यासही सर्वांत जास्त झाला आहे. इतर सिंड्रोमांमध्ये दोषांचा क्रम बदलतो. विल्यम्स, प्रेडर-विली आणि फ्रॅजाइल एक्स या सिंड्रोमांमध्ये तिरळेपणा आणि चष्म्याचे नंबर पुष्कळ दिसतात, तर रुबिनस्टाइन-टेबी सिंड्रोममध्ये अश्रुनलिका बंद असणे नेहमीचे असते आणि काचबिंदूकडेही लक्ष ठेवावे लागते. तरी मुलाला सांगता येत नाही अशा वेळी नजर कशी जोखावी आणि कोणत्या वयात काय शोधावे, हे समजून घ्यायला डाउन सिंड्रोमइतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही.

या मुलांमधील दृष्टिदोष वर्षानुवर्षे लक्षात न येण्याचे मुख्य कारण असे की, दोषाची लक्षणे अक्षमतेच्या खात्यावर जमा होतात. मूल पुस्तकाकडे बघत नाही, मण्यांची ओवणी अर्धवट टाकते, पायरी उतरताना अडखळते, लिहायला बसवले की मान फिरवते, आणि घरचे व शिक्षक याला चंचलपणा किंवा मंद आकलन समजतात. स्वतः मुलाने तक्रार करण्याचा प्रश्नच येत नाही, कारण त्याने जग पहिल्यापासून अस्पष्टच पाहिलेले असते आणि ते याहून स्पष्ट असू शकते याची त्याला कल्पना नसते. त्यात शब्दांची अडचण असली, तर भिंतीवरच्या तक्त्यावरील अक्षरे वाचून दाखवण्याची नेहमीची परीक्षा निरुपयोगी ठरते, आणि ‘मूल सहकार्य करत नाही’ अशी नोंद होऊन तपासणी तिथेच थांबते. ही नोंद मुलाविषयी फारसे काही सांगत नाही. निवडलेली पद्धत त्या मुलासाठी चुकीची होती एवढेच तिच्यातून कळते.

कारण चष्म्याचा नंबर काढायला मुलाच्या उत्तराची गरजच नसते. रेटिनोस्कोप या हातात धरायच्या छोट्या उपकरणातून प्रकाशाची एक पट्टी बाहुलीत सोडली जाते, ती दृष्टिपटलावरून परत येते, आणि उपकरण किंचित हलवल्यावर बाहुलीतली ही चमक कोणत्या दिशेने सरकते ते तपासणारा पाहतो. डोळ्यासमोर एकामागून एक भिंगे धरून चमकेचे सरकणे ज्या भिंगाने थांबते, त्यावरून नंबर निघतो. मूल आईच्या मांडीवर बसून खेळण्याकडे पाहत असतानाही हे काम होते, मात्र त्यासाठी सवयीचा हात आणि सबुरी लागते. दुकानातल्या संगणकीय यंत्रात हनुवटी टेकवून स्थिर बसणे या मुलांना अवघड जाते, आणि बाहुली मोठी न करता काढलेला यंत्राचा आकडा लहान मुलांच्या बाबतीत तसाही भरवशाचा नसतो.

नजर किती आहे हे पाहण्यासाठीही वेगळे मार्ग आहेत. अगदी लहान किंवा न बोलणाऱ्या मुलापुढे करड्या रंगाचे कार्ड धरतात, ज्याच्या एका भागात बारीक रेघा किंवा चित्र असते आणि उरलेला भाग कोरा असतो. मुलाला रेघा दिसत असतील तर त्याची नजर आपोआप तिकडे जाते, आणि दिसेनाशा झाल्या की ती कुठेही भटकते. टेलर कार्डे आणि कार्डिफ कार्डे या तत्त्वावर चालतात. थोड्या मोठ्या मुलासाठी फिनलंडच्या नेत्रतज्ज्ञ लेआ हुवारिनेन यांनी तयार केलेली चिन्हे वापरतात: सफरचंद, घर, चौकोन आणि वर्तुळ. मुलाने नाव घेण्याची आवश्यकता नसते, मांडीवरच्या कार्डावर तसेच चिन्ह बोटाने दाखवले तरी चालते. ही जुळवणी घरी चार-आठ दिवस खेळासारखी करून घेतली, तर दवाखान्यातला निम्मा वेळ वाचतो.

नंबर अचूक निघावा म्हणून बाहुली मोठी करणारे आणि जवळ पाहण्याचे स्नायू तात्पुरते शिथिल करणारे थेंब घालावे लागतात. डाउन सिंड्रोममध्ये अ‍ॅट्रोपिनच्या थेंबांना बाहुली अधिक तीव्र प्रतिसाद देते, आणि जवळजवळ निम्म्या मुलांना जन्मजात हृदयदोष असतो, त्यामुळे हृदयाचे कागद डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी दाखवणे आवश्यक आहे. थेंब घातल्यावर डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यावर मिनिट-दोन मिनिटे बोटाने हलका दाब दिल्यास औषध अश्रुनलिकेतून नाकात व तेथून रक्तात जाण्याचे प्रमाण कमी होते. थेंबांची भीती दाखवून ही तपासणी टाळणे मात्र योग्य नाही, कारण थेंबांशिवाय मुलाचा बराचसा प्लस नंबर लपून राहू शकतो.

एवढे करून नंबर निघाला आणि चष्मा दिला, तरी या मुलांची एक मोठी अडचण तशीच उरते, आणि तीच बहुधा निसटते. लांबचे पाहणारा डोळा जवळच्या वस्तूकडे वळला की आतील भिंग अधिक फुगीर होऊन आपली शक्ती वाढवते; या क्षमतेला समायोजन शक्ती म्हणतात. वस्तू जितकी जवळ, तितकी जास्त शक्ती लागते आणि ती डायऑप्टर या एककात मोजतात: एक मीटर अंतरासाठी १ डायऑप्टर, अर्ध्या मीटरसाठी २, आणि लहान मूल पुस्तक धरते त्या २५ सेंटीमीटरच्या अंतरासाठी ४ डायऑप्टर. निरोगी लहान मुलाकडे याच्या तिप्पट शक्ती सहज असते, म्हणूनच चाळिशीनंतरचा वाचनाचा चष्मा त्याला लागत नाही. परंतु डाउन सिंड्रोममधील सुमारे तीन-चतुर्थांश मुले जवळ पाहताना पुरेसे समायोजन करत नाहीत, असे कार्डिफ विद्यापीठात मार्गारेट वुडहाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षांच्या कामातून दाखवून दिले. लांबचा नंबर पूर्णपणे सुधारणारा चष्मा घातलेला असतानाही ही तूट राहते. शाळेत करायची जवळजवळ सर्व कामे हातभर अंतराच्या आतली असल्याने या तुटीचे परिणाम दूर पोहोचतात.

नमुन्यादाखल सात वर्षांच्या एका कल्पित मुलीची तपासणी पाहता येईल. थेंब घालून तिचा नंबर दोन्ही डोळ्यांना प्लस ३.५० आणि सिलिंड्रिकल १.२५ निघाला. चष्म्याविना २५ सेंटीमीटरवरचे चित्र स्पष्ट पाहायचे, तर तिच्या डोळ्याला आधी स्वतःची ३.५० ची उणीव भरून काढायची आणि वर अंतराचे ४ डायऑप्टर द्यायचे, म्हणजे एकूण ७.५० डायऑप्टरचा ताण सोसायचा. तो तिला झेपत नाही, म्हणून ती चित्र बाजूला सारते. थेंबांचा अंमल उतरल्यावर दुसऱ्या दिवशी लांबचा चष्मा घालून तिची जवळची तपासणी होते. २५ सेंटीमीटरवर बारकावे असलेले छोटे चित्र धरून तिला चित्रातील मांजराची शेपटी शोधायला सांगितले जाते, आणि ती शोधत असताना तपासणारा रेटिनोस्कोप घेऊन चित्राच्या मागे हळूहळू सरकतो. बाहुलीतली चमक ज्या अंतरावर हलायची थांबते, तिथे तिचा डोळा खरोखर रोखलेला असतो. समजा, हे अंतर ५० सेंटीमीटर निघाले. चित्र २५ सेंटीमीटरवर असून ४ डायऑप्टर हवे असताना तिचा डोळा फक्त २ डायऑप्टर देत आहे, असा याचा अर्थ होतो. थोडासा मागे पडणारा डोळा कोणत्याही मुलात सापडतो, पण २ डायऑप्टरची तूट म्हणजे पुस्तकातल्या अक्षरांचे काळपट डाग होणे. ही चाचणी पाच मिनिटांची आहे, तिला वेगळे यंत्र लागत नाही, आणि ती मागून घेण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.

यावरचा उपाय साधा आहे: बायफोकल चष्मा. वरच्या भागात लांबचा नंबर आणि खालच्या भागात त्यावर प्लस २.५० ची भर, म्हणजे २५ सेंटीमीटरवर या मुलीला स्वतःहून फक्त १.५० डायऑप्टर द्यावे लागतात, जे ती देऊ शकते. बायफोकलमधून पुन्हा तीच चाचणी घेतली, तर चमक आता चित्राच्या अगदी जवळ, २७ सेंटीमीटरच्या आसपास थांबते. कार्डिफच्या गटाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असेही आढळले की, बायफोकल वापरणारी मुले काही काळानंतर वरच्या भागातूनही पूर्वीपेक्षा नेमके समायोजन करू लागली, आणि पुढे काहींना बायफोकलची गरज उरली नाही. फक्त हा चष्मा प्रौढांच्या मापाने बनवून चालत नाही. प्रौढाच्या बायफोकलची रेघ खालच्या पापणीच्या पातळीला असते, कारण नजर खाली वळवायची हे त्याला ठाऊक असते. मुलाची रेघ बाहुलीच्या मध्यापर्यंत वर घ्यावी लागते, नाहीतर ते वरच्या भागातूनच वाचत राहते आणि चष्मा असून नसल्यासारखा होतो. चष्मेवाल्याला ही गोष्ट लिहून द्यावी, कारण रेघ ‘चुकून’ वर गेली असे समजून ती खाली घेतली जाण्याची शक्यता असते.

फ्रेमचा मुद्दा किरकोळ वाटला, तरी निम्मे चष्मे तिथेच हरतात. या मुलांच्या नाकाचा दांडा सपाट आणि कान लहान असतात, त्यामुळे बाजारातली नेहमीची फ्रेम घसरून नाकाच्या शेंड्यावर येते आणि मूल काचांच्या वरून पाहू लागते. नाकावरचा पूल खालच्या पातळीला असलेली फ्रेम, सिलिकॉनच्या मऊ गाद्या आणि मागून बांधायचा लवचीक पट्टा यांनी हा प्रश्न बहुतांशी सुटतो. मूल चष्मा फेकून देते अशी तक्रार आली, तर हट्टाचा विचार करण्याआधी चष्मा कानामागे टोचतो का आणि त्याचा नंबर बरोबर आहे का, हे पाहावे. शिवाय योग्य चष्म्यानंतरही डाउन सिंड्रोममधील मुलांची नजर आणि फिक्या-गडद छटांमधला फरक ओळखण्याची क्षमता सर्वसाधारण मुलांपेक्षा काहीशी कमी राहते, ही गोष्ट शाळेने ध्यानात घेण्याजोगी आहे. फिकट पेन्सिलीऐवजी काळे स्केचपेन, ठळक रेघांची वही आणि मोठा टाइप यांनी जे साधते, ते नंबर वाढवून साधत नाही.

तिरळेपणा हा याच साखळीतला पुढचा दुवा आहे. जवळ पाहण्यासाठी भिंगाला जो आदेश जातो, त्याच्याबरोबर दोन्ही डोळे नाकाकडे वळवण्याचा आदेशही जोडलेला असतो, आणि प्लस नंबर असलेल्या मुलाला स्पष्ट दिसण्यासाठी सतत जास्त जोर लावावा लागल्याने एक डोळा गरजेपेक्षा जास्त आत वळतो. डाउन सिंड्रोममधील तिरळेपणा बहुतांशी असा आत वळणारा असतो आणि तो दर चार-पाच मुलांमागे किमान एकात आढळतो. मात्र तो नेहमीच प्लस नंबरामुळे येतो असे नाही, कमी नंबर असलेल्या मुलांमध्येही तो दिसतो. खरा तिरळेपणा आणि आभास यांत फरक करणे इथे फार महत्त्वाचे ठरते. या मुलांच्या डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यावर त्वचेची घडी असते, जी पांढऱ्या भागाचा नाकाकडील तुकडा झाकते आणि सरळ डोळेही तिरळे भासवते. समोरून टॉर्च धरल्यावर तिचा चमकता ठिपका दोन्ही बाहुल्यांच्या मध्यभागी पडला, तर डोळे सरळ आहेत. एका डोळ्यात तो मध्यापासून बाहेरच्या, कानाच्या बाजूला सरकलेला दिसला, तर तो डोळा आत वळलेला आहे. घरी काढलेल्या फ्लॅशच्या फोटोतही हे दिसते. मात्र अधूनमधून होणारा तिरळेपणा एका फोटोत सापडत नाही, आणि घडीमुळे तसे वाटते असे सांगून खरा तिरळेपणा लांबवल्याची उदाहरणे कमी नाहीत.

वळलेल्या डोळ्याकडून येणारे चित्र मेंदू दाबून टाकू लागतो आणि तो डोळा निरोगी असूनही त्याची नजर वाढत नाही. यालाच मंददृष्टी किंवा बोलीत आळशी डोळा म्हणतात. वरच्या उदाहरणातील मुलीचा डावा डोळा जवळ पाहताना आत वळत असेल, तर क्रम असा राहील: प्रथम पूर्ण नंबराचा बायफोकल, ज्यामुळे जोर कमी होऊन तिरळेपणाही बराच कमी होतो, डाव्या डोळ्याची नजर तरीही मागे असेल, तर उजव्या डोळ्यावर रोज ठरलेले तास पट्टी, आणि चष्म्यातूनही मोठा कोन उरत असेल, तरच शस्त्रक्रिया. शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञाला हृदयाबरोबर मानेविषयीही सांगावे लागते, कारण डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असू शकतो. मान एका बाजूला झुकवून पाहण्याची सवय तिरळेपणामुळे किंवा डोळ्यांच्या अनैच्छिक थरथरीमुळे लागते, कारण त्या स्थितीत मुलाला जास्त स्पष्ट दिसते, आणि ती बळजबरीने सरळ करू नये. परंतु मान नव्याने वाकडी झाली असेल, दुखत असेल किंवा चाल बिघडली असेल, तर डोळ्यांच्या तपासणीसाठी न थांबता आधी मणक्याची तपासणी व्हायला हवी.

दहाव्या वर्षापर्यंत नंबर आणि तिरळेपणा आटोक्यात आला की घरच्यांचे दवाखान्यात जाणे कमी होते, आणि नेमक्या याच वळणावर केराटोकोनसची सुरुवात होते. या आजारात पारपटल मध्यभागी किंवा त्याच्या जरा खाली पातळ होत जाते, आतील दाबाने पुढे येते आणि गोलाईऐवजी शंकूचा आकार घेते. परिणामी सिलिंड्रिकल नंबर वाढतो, पुढे तो अनियमित होतो आणि चष्म्याने पूर्ण सुधारत नाही. आजार बहुधा वयात येताना सुरू होतो आणि वीस-पंचवीसपर्यंत वाढतो. डाउन सिंड्रोममध्ये पारपटल मुळातच सर्वसाधारण लोकांपेक्षा पातळ आणि जास्त वक्र असते, आणि केराटोकोनसचे प्रमाण कितीतरी पटींनी अधिक असते. महाराष्ट्राच्या संदर्भात हा विषय आणखी जवळचा आहे. नागपूर परिसरातील खेड्यांमध्ये झालेल्या सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी या पाहणीत तीस वर्षांवरील सर्वसाधारण ग्रामस्थांपैकी २.३ टक्के लोकांचे पारपटल ४८ डायऑप्टर किंवा त्याहून वक्र निघाले, आणि हा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ वक्रतेवर आधारलेली ही कसोटी ढोबळ असली, तरी दोन हजारांत एक या जुन्या पाठ्यपुस्तकी आकड्यावर विसंबणे आपल्याकडे योग्य नाही, हे तीवरून दिसते.

डोळे चोळणे हा या आजाराचा सर्वांत जवळचा सोबती आहे. उष्ण, कोरड्या, धुळीच्या हवेत मुलांना डोळ्यांची अ‍ॅलर्जी होते, डाउन सिंड्रोममध्ये पापण्यांच्या कडांना सूज व खपल्याही वरचेवर येतात, दोन्हींमुळे खाज सुटते आणि मूल मुठीने डोळे जोरात चोळत राहते. हात धरून ओरडण्याचा इथे उपयोग होत नाही. खाज थांबवावी लागते. त्यासाठी डॉक्टरांनी दिलेले अ‍ॅलर्जीविरोधी थेंब नियमित घालणे, रोज कोमट ओल्या कापडाने पापण्या शेकून कडा पुसणे, आणि थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवणे, हे करायचे असते. खाजेवर तात्पुरता आराम देणारे स्टेरॉइडचे थेंब मात्र औषधाच्या दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने वापरू नयेत, कारण त्यांनी डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू आणि पुढे मोतीबिंदू होऊ शकतो.

सात वर्षांची ती मुलगी आता तेरा वर्षांची झाली आहे असे धरू. वर्षभरापूर्वी तिचा सिलिंड्रिकल नंबर १.२५ होता, तो आता ३.०० झाला आहे, आणि रेटिनोस्कोपमध्ये चमक एकसंध पट्टीसारखी न सरकता तिचे दोन भाग कात्रीच्या पात्यांप्रमाणे उघडझाप करतात. चष्मा बदलून देऊन तिला घरी पाठवणे ही इथली नेहमीची चूक असते. पुढचे पाऊल म्हणजे कॉर्नियल टोपोग्राफी किंवा टोमोग्राफी, म्हणजे पारपटलाच्या वक्रतेचा आणि जाडीचा नकाशा काढणारी, डोळ्याला स्पर्श न करणारी तपासणी. समजा, नकाशात सर्वांत वक्र जागा ४९.५ डायऑप्टर आणि सर्वांत पातळ जागा ४५५ मायक्रॉन निघाली. सामान्य पारपटल मध्यभागी सुमारे ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडे जाड असते. डाउन सिंड्रोममध्ये वक्रता मुळातच जास्त असल्याने एका नकाशावरून निर्णय देणे अवघड जाते, म्हणून सहा महिन्यांनी तोच नकाशा पुन्हा काढला जातो. वक्रता ५१ वर आणि जाडी ४४० वर आली असेल, तर आजार वाढतो आहे यात शंका राहत नाही. दहा-अकराव्या वर्षी एक नकाशा काढून ठेवलेला असता, तर ही सहा महिन्यांची वाट पाहावी लागली नसती.

वाढणारा केराटोकोनस थांबवण्यासाठी कोलॅजेन क्रॉस-लिंकिंग ही प्रक्रिया आहे, जिच्या पहिल्या रुग्णांवर जर्मनीतील ड्रेस्डेन येथे उपचार झाले आणि त्यांचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ पद्धतीत पारपटलाचा वरचा नाजूक थर काढून अर्धा तास रायबोफ्लेविनचे, म्हणजे ब जीवनसत्त्वाच्या एका प्रकाराचे, थेंब घालतात आणि नंतर अर्धा तास ठरावीक तीव्रतेचे अतिनील किरण सोडतात. त्यामुळे पारपटलातील तंतूंमध्ये नवे रासायनिक बंध तयार होऊन ते कडक होते. किरणे आतल्या थराला अपाय करू नयेत म्हणून या पद्धतीला किमान ४०० मायक्रॉन जाडी लागते, त्यामुळे ४४० वर निर्णय घेणे आणि ३८० पर्यंत थांबणे यांत फार मोठे अंतर आहे. क्रॉस-लिंकिंगने चष्मा जात नाही, नजर पूर्ववत होत नाही, फक्त घसरण थांबते; हे घरच्यांना आधी स्पष्ट सांगितले पाहिजे. या मुलांत ते बहुधा पूर्ण भूल देऊन करावे लागते, आणि नंतरचे तीन-चार दिवस डोळा दुखत असताना चोळू न देणे ही खरी कसोटी असते. तरीही पर्याय तपासले, तर हे कष्ट थोडे वाटावेत. सर्वसाधारण तरुणाला पुढच्या टप्प्यात कडक कॉन्टॅक्ट लेन्स देतात, जी इथे क्वचितच टिकते. आणि पारपटलाचे प्रत्यारोपण केले, तर चोळण्यामुळे टाके सुटणे, जंतुसंसर्ग आणि दररोजच्या थेंबांची वर्षानुवर्षे चालणारी गरज या साऱ्यांना तोंड द्यावे लागते.

उपचार न झालेल्या डोळ्यात कधीकधी पारपटलाच्या आतील पातळ पडद्याला अचानक चीर पडते आणि डोळ्यातले पाणी पारपटलात शिरून ते फुगते व पांढरे पडते. बोलू शकणारा माणूस वेदना आणि अंधुक दिसणे सांगेल. हा मुलगा किंवा मुलगी एक डोळा घट्ट मिटून बसते, पाणी गळते, उजेडाकडे पाठ फिरवते, जेवत नाही, चिडते. हे ‘डोळे आले’ समजून आठवडाभर थेंब घालत राहू नये. बुबुळावर पांढरेपणा दिसला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायला हवे. सूज काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरते, पण मागे उरलेला व्रण नजरेच्या मध्यभागी असेल, तर कायमचे नुकसान होते.

या सगळ्यावरून तपासणीचे वेळापत्रक ठरवताना कोणत्या वयात काय बिघडू शकते हे आधार म्हणून घ्यावे लागते. जन्मानंतर रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वी दोन्ही बाहुल्यांतून लालसर चमक दिसते का, हे पाहिले जावे. ती काळी वा पांढुरकी असेल तर जन्मजात मोतीबिंदूची शंका घेऊन काही दिवसांतच नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे, कारण दाट मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांत झाली तरच नजर नीट विकसित होण्याची आशा असते. चमक ठीक असली तरी सहा महिन्यांच्या आत एकदा नेत्रतज्ज्ञाची पूर्ण तपासणी हवी, ज्यात मोतीबिंदू, डोळ्यांची थरथर आणि बंद अश्रुनलिका पाहिल्या जातात. त्यापुढे अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०११ च्या शिफारशींप्रमाणे पाच वर्षांपर्यंत दरवर्षी, तेरा वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि एकवीसपर्यंत दर तीन वर्षांनी तपासणी अपेक्षित होती. ब्रिटनमध्ये दीड ते दोन वर्षांच्या वयात, मग चार वर्षांच्या वयात आणि नंतर आयुष्यभर दर दोन वर्षांनी अशी पद्धत आहे.

पहिल्या पाच वर्षांबद्दल अमेरिकन वेळापत्रक योग्यच आहे, त्यात जवळच्या समायोजनाची चाचणी मात्र शाळेत घालण्यापूर्वी आवर्जून करून घ्यावी आणि चष्मा असलेल्या मुलाची तपासणी पुढेही वर्षातून एकदा व्हावी. किशोरवयातील तीन वर्षांची फट मात्र फार मोठी वाटते. वर उल्लेखलेल्या उदाहरणात सहा महिन्यांत जाडी १५ मायक्रॉनने कमी झाली. त्या गतीने तीन वर्षांत पारपटल ४०० मायक्रॉनच्या बरेच खाली जाईल आणि क्रॉस-लिंकिंगची संधी निघून जाईल. म्हणून दहा-अकराव्या वर्षी टोपोग्राफीचा एक मूळ नकाशा, तेव्हापासून पंचविशीपर्यंत दरवर्षी तपासणी, आणि मूल डोळे चोळत असेल किंवा सिलिंड्रिकल नंबर वर्षात १ डायऑप्टरहून अधिक बदलला असेल तर दर सहा महिन्यांनी, हा क्रम आपल्याकडच्या परिस्थितीला अधिक धरून आहे. नकाशा काढायला मूल बसत नसेल, तर कात्रीसारखी चमक आणि बदलता नंबर या दोन खुणा रेटिनोस्कोपमध्ये दिसतात, आणि तेवढ्यावरही शंका घेता येते. पंचविशीनंतर दर दोन वर्षांनी तपासणी पुरेशी असते, पण ती थांबवू नये, कारण डाउन सिंड्रोममध्ये मोतीबिंदू इतरांपेक्षा बऱ्याच लवकर येतो.

सार्वजनिक व्यवस्थेतून यातले बरेच काही मिळू शकते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत डाउन सिंड्रोम, जन्मजात मोतीबिंदू आणि दृष्टिदोष हे तिन्ही आहेत. त्याची पथके अंगणवाड्यांमध्ये वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांमध्ये वर्षातून एकदा मुले तपासतात आणि पुढील तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पथकाची तपासणी ही चाळणी असते. रेटिनोस्कोपी, जवळची चाचणी आणि टोपोग्राफी ही पुढच्या पायरीची कामे असून टोपोग्राफीची सोय बहुधा वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा मोठ्या नेत्ररुग्णालयातच असते. कार्यक्रमाची वयोमर्यादा अठरा वर्षे आहे, तर केराटोकोनस त्यानंतरही सात-आठ वर्षे वाढू शकतो. त्यामुळे अठराव्या वर्षाच्या आत शेवटचा नकाशा काढून घेऊन त्याची छापील प्रत, तोपर्यंतचे सर्व चष्म्यांचे नंबर तारखांसह आणि हृदय व मानेचे अहवाल एकाच फाइलमध्ये घरी ठेवावेत, म्हणजे पुढे ज्या कोणत्या डॉक्टरांकडे जावे लागेल त्यांना पहिल्याच भेटीत तुलना करता येईल.